सही करण्याआधी

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या तुझ्या लाडक्या कॉलेजच्या अर्ली डिसिजनच्या करारावर सही करायची मेल मला मिळाली. दोनदा वाचली. सही अजून केलेली नाही, आणि रागावण्याआधी हे पत्र पूर्ण वाच.

त्या कागदावर तुझी, माझी आणि तुमच्या शाळेच्या काउन्सेलरची, अशा तीन सह्या लागतात, त्या उगाच नाहीत. नोव्हेंबरच्या सुरुवातीला अर्ज, डिसेंबरच्या मध्याला निकाल, आणि निकाल 'हो' आला की बाकी सगळे अर्ज मागे घेऊन तिथेच जायचं, असा तो शब्द आहे. ज्यांना पैशांची चिंता नाही त्यांना हे छान. आपल्याला किती आर्थिक मदत मिळते यावर सगळं अवलंबून. ती मदत पुरेशी नसेल तर करारातून सुटता येतं, हे खरं आहे आणि कॉलेजंही तसं लिहितात. पण पुरेशी म्हणजे किती, याचा हिशेब आधी कॉलेजचं मदत कार्यालय करतं. त्यांचा आकडा आपल्याला झेपेनासा निघाला तर त्यांच्याशी पत्रव्यवहार करत बसायचं, आणि तोही शेजारी ठेवून बघायला दुसऱ्या कॉलेजचा एकही आकडा हातात नसताना. मला नेमकी याचीच भीती वाटते. बंधन नसलेल्या नेहमीच्या रेग्युलर फेरीत मार्चअखेर तीन-चार पत्रं येतात, ती टेबलावर पसरून बघता येतात, आणि १ मेपर्यंत विचार करायला वेळ असतो.

तू लिहिलं आहेस की अर्लीत निवडीचं प्रमाण जास्त असतं. असतं. पण त्या आकड्यात खेळासाठी आधीच हेरलेली मुलं आणि माजी विद्यार्थ्यांची मुलंही धरलेली असतात, त्यामुळे तो फायदा तुझ्या वाट्याला किती येईल ते त्या टक्केवारीवरून कळत नाही. शिवाय तुझं लाडकं कॉलेज परदेशी मुलांच्या बाबतीत नीड-अवेअर आहे. तू किती मदत मागतेस हे निवड करतानाच बघितलं जातं.

येल तसं नाही, आणि ते तुझ्या यादीत आहेच. परदेशी मुलांसाठीही ते नीड-ब्लाइंड आहे, म्हणजे निवड करताना घरचं उत्पन्न बघत नाहीत आणि निवड झाल्यावर गरज पूर्ण भागवतात. त्यांची अर्ली पद्धत सिंगल-चॉइस अर्ली अ‍ॅक्शन. अट एवढीच की त्याच वेळी दुसऱ्या खासगी अमेरिकी कॉलेजला अर्ली अर्ज करायचा नाही. मात्र निवड झाली तरी बांधिलकी नाही, १ मेपर्यंत उत्तर दिलं की झालं. निवडीची आशा अर्थातच कमी, तिथे सगळ्यांचीच कमी असते. पण नोव्हेंबरचा तुझा एकच डाव आहे, आणि तो जिथे हातपाय बांधले जात नाहीत तिथे टाकावा असं मला वाटतं. लाडक्या कॉलेजला जानेवारीत रेग्युलरमध्ये अर्ज कर. (त्यांची दुसरी अर्ली फेरीही जानेवारीत असते. तीही बंधनकारकच, तेव्हा मोह नको.)

आता फीबद्दल. तुझ्या यादीची मी बेरीज केली. येल ८० डॉलर, लाडकं कॉलेज ८५, आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे दोन कॅम्पस प्रत्येकी ९५ प्रमाणे १९०. वेलस्ली, स्मिथ आणि ग्रिनेल अर्जाची फी घेत नाहीत. एकूण ३५५. यातली निम्म्याहून जास्त रक्कम त्या दोन कॅम्पसची आहे, आणि नेमकी तीच माफ होत नाही, कारण त्यांची फी माफी परदेशी अर्जदारांना मिळतच नाही. आणि पुढे गरजेनुसार आर्थिक मदतही परदेशी विद्यार्थ्यांना तिथे नाही. निवड झाली तरी आपण जाऊ शकणार नाही, अशा दारावर १९० डॉलर कशाला द्यायचे? ती दोन्ही नावं खोड.

उरलेल्या १६५ डॉलरची माफी मागायची. एकाच ठिकाणाहून अनेक कॉलेजांना अर्ज करायच्या कॉमन अ‍ॅपच्या प्रोफाइल भागात फी माफीचा प्रश्न आहे. तिथे दिलेल्या निकषांपैकी बहुतेक अमेरिकेतल्या सरकारी योजनांचे आहेत, ते बघून गोंधळू नकोस. शेवटचा निकष शाळेच्या अधिकाऱ्याच्या लेखी दुजोऱ्याचा आहे, आपल्याला तोच लागू पडतो. तो निवडून खाली स्वतःचं नाव टाइप करायचं. मग काउन्सेलरच्या फॉर्ममध्ये हाच प्रश्न त्यांना विचारला जातो, आणि त्यांनी 'नाही' म्हटलं किंवा तो कोरा ठेवला तर कॉलेज नंतर तुझ्याकडे फी मागू शकतं. म्हणून आधी त्यांना भेटून माझा पगाराचा दाखला दाखव. परदेशी अर्जदारांसाठी ही माफी मानायची की नाही हे प्रत्येक कॉलेज ठरवतं. तेव्हा दोन्ही प्रवेश कार्यालयांना तीन ओळींची मेल टाक: मी अमुक देशातून अर्ज करते आहे, फी भरणं घरच्यांना जड आहे, माफी कशी मागायची? त्यात रडगाणं नको.

आमच्या शाळेच्या ऑफिसात मुलांचे फॉर्म भरून देताना एक चूक मी बघितली आहे. एका मुलाने मेलच्या उत्तराची वाट बघत अर्ज शेवटच्या रात्रीपर्यंत ठेवला, अकरा वाजता घाबरून कुणाचं तरी कार्ड वापरून फी भरली, आणि दुसऱ्या दिवशी माफीचं 'हो' आलं. भरलेले पैसे परत मिळत नाहीत. शेवटच्या तारखेच्या तीन आठवडे आधी मेल गेली तर ही पाळी येत नाही.

माफी मागितली तर वाईट दिसेल, असं तू फोनवर म्हणालीस. अगं, मदतीचा अर्ज आपण करणारच आहोत, मग ऐंशी-पंच्याऐंशी डॉलरची अडचण लपवून काय मिळणार? आणि उलट, फी भरून मदतच मागायची नाही, असा विचार मनात आला असेल तर तो काढून टाक. बऱ्याच कॉलेजांत परदेशी मुलाने प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नाही तर पुढे चारही वर्षं ती मिळत नाही.

एक खर्च तुझ्या बेरजेत नव्हताच. मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल नावाचा वेगळा फॉर्म लागतो, पहिल्या कॉलेजला २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला १६. पाच ठिकाणी भरावा लागला तर ८९. त्याची उत्पन्नावर आपोआप मिळणारी माफी अमेरिकेतल्या कुटुंबांसाठी आहे. बाहेरच्यांना काही कॉलेजं स्वतःचा माफीचा कोड देतात, किंवा त्याऐवजी दुसरा विनाशुल्क फॉर्म चालतो म्हणून सांगतात. तो कोड प्रवेश कार्यालयाकडे नसतो, मदत कार्यालयाकडे मागायचा, आणि फॉर्मची फी भरण्याआधी. येलच्या अर्ली अर्जासाठी हे कागद नोव्हेंबरमध्येच लागतील, म्हणून मी दाखल्यांची भाषांतरं करून घ्यायला आजच दिली आहेत.

करार तसाच ठेवला आहे. काउन्सेलरशी बोललीस की रविवारी फोन कर. तुझं मत तरीही तेच राहिलं तर त्या कॉलेजच्या मदत कार्यालयाला आधी एक प्रश्न विचार: अर्ली डिसिजनच्या परदेशी विद्यार्थ्याला मदतीचा नेमका आकडा निकालाबरोबरच मिळतो का, आणि तो झेपला नाही तर करारातून सोडतात का? उत्तर लेखी आलं की मग सहीचं बघू.

तुझी,
आई