न विचारता काढलेले पेन्शनचे पैसे : तक्रार आणि भरपाईची मागणी

दिनांक : १८ ऑगस्ट २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
पीएफ सल्ला व क्लेम सेवा,
वाशी, नवी मुंबई

विषय : जानेवारी २०२४ मध्ये माझ्या नावाने चुकीचा भरलेला फॉर्म १०-सी

महोदय,

रबाळे एमआयडीसीतल्या कारखान्यात मी १ जुलै २०१६ ते ३१ ऑक्टोबर २०२३ अशी ७ वर्षं ४ महिने नोकरी केली. नोकरी सुटल्यावर मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती, म्हणून जानेवारीत तुमच्या ऑफिसात आले. काउंटरवरच्या मुलाला मी दोन गोष्टी सांगितल्या होत्या : पीएफ काढून द्या, आणि पेन्शनची वर्षं तशीच राहू द्या, कारण मी नवी नोकरी शोधते आहे. तो "हो हो ताई, सगळं होईल" म्हणाला. झालंही सगळंच.

पीएफसाठी फॉर्म १९ लागतो आणि पेन्शनसाठी १०-सी. हे दोन वेगळे क्लेम आहेत. पहिला भरला म्हणून दुसरा भरावाच लागतो असं नाही. शिवाय १०-सी मध्ये दोन पर्याय असतात. एकात पेन्शनचे पैसे एकरकमी हातात येतात. दुसऱ्यात स्कीम सर्टिफिकेट मिळतं. त्यावर नोकरीची वर्षं नोंदलेली असतात, ते नव्या मालकाकडे दिलं की जुनी वर्षं नव्या वर्षांना जोडली जातात. तुम्ही पहिला पर्याय निवडलात. फेब्रुवारीत बँकेत दोन वेगवेगळ्या रकमा जमा झाल्या, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मी दोन्ही पीएफच्याच समजले. त्यातली १,०६,९५० रुपयांची रक्कम पेन्शनची होती : शेवटचा पगार पेन्शनच्या मर्यादेनुसार १५,००० धरून, सात पूर्ण वर्षांचा ७.१३ हा गुणक.

१५ फेब्रुवारी २०२४ पासून मी ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये कामाला आहे. पीएफचा बेसिक इथेही १५,००० आहे. यंदा जूनमध्ये जुनी सेवा जोडायला गेले, तर एचआरच्या बाईंनी सांगितलं की पैसे घेतल्यामुळे ती सेवा संपली, आता पेन्शनची मोजणी शून्यापासून.

याचा अर्थ काय, तो हिशोब तुमच्यासाठीच लिहिते. मार्च २०३१ मध्ये मला ५८ पूर्ण होतील. तोपर्यंत इथली सेवा साधारण ७ वर्षं १ महिना होईल. मासिक पेन्शनला किमान १० वर्षं लागतात, म्हणजे मला पेन्शन नाहीच; पुन्हा एकदा लाख-सव्वा लाख मिळतील आणि विषय संपेल. जुनी ७ वर्षं ४ महिने जोडली असती, तर १४ वर्षं ५ महिने झाले असते. सहा महिन्यांपेक्षा कमीचा तुकडा सोडतात, म्हणून १४ धरू. पगार गुणिले वर्षं भागिले ७० : १५,००० × १४ ÷ ७० म्हणजे महिना ३,००० रुपये, आयुष्यभर. माझ्यामागे नवऱ्याला त्याच्या निम्मे.

तीन हजार फार नाहीत, मलाही कळतं. पण दोन्ही वेळच्या एकरकमी रकमा मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास जातात; तेवढे पैसे या पेन्शनने सहा-सव्वासहा वर्षांत दिले असते. म्हणजे मी ६४ ओलांडली की पुढचा प्रत्येक महिना माझ्या तोट्याचा.

आता तुम्ही म्हणाल, आधारचा ओटीपी मीच फोनवर सांगितला. सांगितला, आणि तो कोणत्या क्लेमसाठी आहे हे विचारलं नाही, ती चूक माझी. पण तुमची फी मिळणाऱ्या रकमेवर ३ टक्के आहे. स्कीम सर्टिफिकेट काढून दिलं असतं तर पेन्शनवर तुम्हाला काहीच मिळालं नसतं. पैसे काढल्यामुळे माझ्याकडून ३,२०८ रुपये जास्त घेतलेत. पावतीवर मात्र नुसतं "पीएफ सेवा शुल्क" असं मोघम लिहिलंय.

माझं म्हणणं इतकंच आहे. हे ३,२०८ रुपये परत करा. माझा क्लेम कोणी भरला, कोणता पर्याय कोणाच्या सांगण्यावरून निवडला, हे सहीनिशी लेखी द्या. माझी लेखी संमती असेल तर तिची प्रत जोडा. आणि वरच्या हिशोबानुसार झालेल्या नुकसानीची भरपाई किती देणार ते कळवा. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर आलं नाही, तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि ती अजून संपलेली नाही.

सोबत : तुमची पावती, बँकेच्या पासबुकाचं पान आणि दोन्ही नोकऱ्यांचा सेवेचा तपशील, यांच्या झेरॉक्स.

आपली ग्राहक,
(सही)
कोपरी, ठाणे पूर्व