कमानीच्या परवानगीबद्दल मनापासून आभार

प्रति,
मा. कनिष्ठ अभियंता साहेब,
प्रभाग कार्यालय

सप्रेम नमस्कार.

विसर्जन होऊन चार दिवस झाले, कमान उतरली, बांबू परत गेले. तरी हे पत्र लिहिल्याशिवाय मला चैन पडेना.

गेली दोन वर्षं आमचा अर्ज एकाच शेऱ्यासह परत यायचा, "अपूर्ण". काय अपूर्ण, ते कुणी सांगत नव्हतं. टेबलावर मान वर न करता कागद सरकवला जायचा. त्याचा राग अजून मनात आहे, साहेब, म्हणून लिहितो. यंदा तुम्ही तोच अर्ज वाचलात आणि म्हणालात, "सचिव, यात कमान आहे, पण तिचं एकही माप नाही." मग संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर स्वतः टेप घेऊन गल्लीत आलात. एक टोक माझ्या हातात दिलंत, दुसरं तुम्ही धरलंत. दिवसभर काम करून आलेला माणूस आमच्यासाठी गटाराच्या कडेला वाकून माप घेतोय, हे मी विसरणार नाही.

गल्ली भरली 22 फूट. आमचे खांब दोन्हीकडून अडीच-अडीच फूट आत येत होते, म्हणजे वाट उरायची 17. तुम्ही ते कडेला फूटभर जागेत बसवायला लावलेत आणि वाट 20 फूट झाली. उंची आम्ही कमानीच्या माथ्यापर्यंत 18 फूट धरली होती. तुम्ही विचारलंत, "तोरण किती लोंबणार?" तीन फूट. "मग अग्निशमन बंबासाठी उंची 15च. मोजायचं ते तोरणाच्या टोकापासून." एवढी साधी गोष्ट आम्हाला कधी सुचली नव्हती. खड्डे खणायचे नाहीत, खांब वाळूच्या ड्रममध्ये उभे करायचे आणि फ्लेक्स लावायचा नाही, कारण वाऱ्याने तो शिडासारखा फुगतो आणि कमान ओढतो, हेही तुम्हीच समजावलंत.

रोषणाईचंही तेच. 40 माळा प्रत्येकी 20 वॅट, 8 फ्लड प्रत्येकी 50 वॅट, एकूण 1200 वॅट, असा हिशोब तुम्ही आमच्याच अर्जाच्या मागे पेन्सिलीने मांडलात. तो घेऊन आम्ही तात्पुरत्या मीटरसाठी गेलो. रस्त्याच्या दिव्यावरून वायर ओढायचा विचारही मग कुणी केला नाही. भाद्रपदातला पाऊस आणि लोखंडी सांगाडा, म्हणून वीज गळली की पुरवठा तोडणारा ईएलसीबी बसवला आणि सगळे जोड हात पोहोचणार नाहीत इतक्या उंचीवर घेतले. पाचव्या दिवशी मोठी सर आली तेव्हा तो ईएलसीबी पडला. वायरमनने एक भिजलेली माळ काढली आणि दहा मिनिटांत दिवे परत लागले. त्या वेळी कमानीखाली लेझीमची पोरं उभी होती.

नारळ द्यायला आलो तर तुम्ही घेतला नाहीत. म्हणालात, "मुलांना प्रसाद म्हणून फोडा." फोडला, साहेब. तुमची पेन्सिलीची आकृती मंडळाच्या वहीत चिकटवली आहे. पुढच्या वर्षीचा अर्ज तिच्यावरूनच लिहू.

आपला नम्र,
सचिव, सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ