रात्रीचा भात

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

स्वयंपाकाच्या मावशींना मी रविवारीच यायला सांगितलंय. आधी विचारायला हवं होतं, कबूल. पण विचारलं असतं तर आई, तू म्हणाली असतीस, "माझे गुडघे बरे आहेत," आणि मग मी गप्प बसलो असतो. आठवडाभराचा भात, वरण आणि चिकन त्या एकदम करून ठेवतील. पोळ्या रोज ताज्याच येतील, बाबा, ते ठरलंय.

भाताचं मात्र नीट ऐका. आपल्याकडे भात रात्रभर कुकरमध्येच, ओट्यावर, आणि सकाळी फोडणीचा भात. मीही त्यावरच वाढलो, शाळेच्या डब्यातला तो करपलेला लसूण अजून आठवतो. पण तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष फोडणीने, वाफेने, कशानेच जात नाही. वास किंवा चवही बदलत नाही. गेल्या महिन्यात बाबांनी नऊला फोडणीचा भात खाल्ला आणि बाराच्या आत उलट्या सुरू झाल्या. भातामुळेच झालं असं छातीठोक नाही सांगत, आणि तुझा दोष तर मुळीच नाही, आई. पण हे विष अर्ध्या तासापासून सहा तासांत असंच त्रास देतं.

म्हणून भात झाला की लगेच परातीत दोन बोटांपेक्षा पातळ पसरायचा आणि तासाभरात फ्रिजमध्ये ठेवायचा. कोमट डब्याने फ्रिज बिघडत नाही. फ्रिजमधला भात दुसऱ्या दिवशी संपवा. बाकीचा एकेका जेवणापुरता फ्रीजरमध्ये राहील. तो काढलात की चमचाभर पाणी शिंपडून, झाकून, मधे एकदा हलवून पूर्ण वाफाळेपर्यंत गरम करा.

वरणाचं मोठं पातेलं तासन्‌तास मधून गरमच राहतं. ते थंड पाण्याच्या टबात ठेवून ढवळा, मग उथळ डब्यांत भरा. फ्रिजमध्ये तीन दिवस चालेल, पुढचं फ्रीजरमध्ये ठेवा. वाढताना खळखळून उकळा. चिकन रविवार ते मंगळवार फ्रिजमधलं, पुढचं फ्रीजरमधलं. ते आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवा, ओट्यावर नको. रस्सा उकळल्यावर सर्वांत मोठा तुकडा हाडापाशी फोडून बघा. आत कोमट असेल तर अजून पाच मिनिटं. कुठलंही काढाल तेवढंच गरम करा. एकदा गरम केलेलं परत आत जाणार नाही.

बाबा, डब्यांवर चिकटपट्टी लावून वार तुम्ही लिहा. आईचं अक्षर तिलाच लागत नाही.

शनिवारी फोन करीन तेव्हा काय उरलं ते खरं सांगा. "टाकवत नाही रे" चालणार नाही.

तुमचा,
बाळ्या