तारखा गाळल्या की ‘ड्रॅक्युला’ उरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ‘ड्रॅक्युला’वरचा लेख वाचला. यातली पत्रं नि डायऱ्या ही त्या काळची लेखनाची हौस, संक्षिप्त मराठी आवृत्तीत सगळं एका निवेदकाच्या तोंडी घातलं तरी गोष्ट तीच राहते, असं लेखकाचं म्हणणं. मला ते मुळीच पटलं नाही. माझी नोकरी सोलापूरच्या कोर्टात लघुलेखक म्हणून गेली. कागद कुणी, कधी, कुणासाठी लिहिला हे पाहिल्याशिवाय मजकुरावर भरवसा ठेवायचा नाही, ही तिथली सवय. आणि ब्रॅम स्टोकरच्या या १८९७ सालच्या कादंबरीत सगळी गंमत नेमकी याच प्रश्नांत आहे.

काउंट ड्रॅक्युला या रक्तपिपासू सरदाराच्या वाड्यात अडकलेल्या जोनाथन हार्करचंच बघा. १९ मेच्या नोंदीत तो लिहितो की काउंटने गोड बोलून आपल्याकडून तीन पत्रं लिहून घेतली. पहिल्यात काम संपत आलंय, दुसऱ्यात उद्या सकाळी निघतोय, तिसऱ्यात वाडा सोडून बिस्ट्रिट्झला पोचलो. तारखा काउंटनेच सांगितल्या : १२, १९ आणि २९ जून. आपलं आयुष्य किती उरलंय हे जोनाथनला तिथेच कळतं. हात तोच, अक्षर तेच, पण पत्र साफ खोटं आणि डायरी खरी. निवेदकाने ‘काउंटने त्याच्याकडून खोटी पत्रं लिहून घेतली’ असं एका वाक्यात सांगितलं, तर माहिती पोचेल. पण १९ मेच्या पानावर २९ जून वाचताना पोटात गोळा येतो, तो कुठून आणणार?

बरं, काउंट तेवढ्यावर थांबत नाही. तो जोनाथनचे कपडे अंगात घालून बाहेर पडतो, म्हणजे पत्रं टाकणारा जोनाथनच होता असं गाववाले सांगतील. खोट्या कागदाला साक्षीदारही तयार! जोनाथन चोरून दोन पत्रं पाठवायला बघतो तीही काउंटच्या हाती लागतात. मालकाला लिहिलेलं साधं पत्र तो पुढे पाठवून देतो. त्याची वाग्दत्त वधू मीना हिला लिहिलेलं मात्र लघुलिपीत असतं. त्या खुणा त्याला वाचता येत नाहीत, म्हणून तो ते जाळून टाकतो. जोनाथन डायरीही लघुलिपीतच लिहितो. आमच्या जुन्या विद्येचं एवढं मोल मी दुसऱ्या कुठल्या कादंबरीत वाचलेलं नाही.

आता पलीकडची बाजू. इंग्लंडमध्ये मीनाला त्याची एका ओळीची चिठ्ठी मिळते : घरी यायला निघतोय. अक्षर त्याचंच, यात तिला शंका नाही, तरी हे जोनाथनसारखं वाटत नाही असं ती स्वतःच्या डायरीत लिहिते. अक्षर ओळखायला तज्ज्ञ चालेल, पण माणूस नेहमी कसा लिहितो हे जिला ठाऊक आहे तिलाच त्या ओळीत काय नाही ते दिसतं. वाचकाला सत्य आधीच कळलेलं असतं, तिला नसतं, आणि दोन्ही कागद आपल्यासमोर असल्यामुळेच तिची घालमेल आपल्याला सोसवत नाही.

जवळीक माध्यमावर किती ठरते याचाही नमुना आहे. वेड्यांच्या इस्पितळाचा डॉ. सिवर्ड डायरी फोनोग्राफवर बोलून ठेवतो. (हवी ती नोंद त्यात नेमकी कशी शोधायची, हे त्याच्या डोक्यातच कधी आलेलं नसतं!) मीना ती ऐकते आणि हादरते, कारण शब्दांबरोबर त्याच्या आवाजातलं दुःखही तिच्या कानी पडतं. मग ती सगळं टाइप करते आणि त्याला सांगते की आता तुमच्या काळजाची धडधड माझ्यासारखी दुसऱ्या कुणाला ऐकावी लागणार नाही. टाइप केलेल्या कागदात मजकूर शाबूत राहतो, माणूस थोडा झाकला जातो. साक्षी टाइप करताना हे मीही केलंय. हुंदका कुठे लिहिणार?

पण त्याची किंमतही स्टोकर दाखवतो. पुढे काउंट मूळ हस्तलिखितं नि फोनोग्राफच्या नळ्या आगीत टाकतो. तिजोरीतली टाइप केलेली प्रत तेवढी वाचते. शेवटच्या टिपणात जोनाथनच कबूल करतो की एवढ्या ढिगाऱ्यात अस्सल कागद जवळजवळ नाहीच, सगळं टंकलिखित. म्हणजे नकला आहेत, पण ताडून बघायला मूळ नाही, आणि नकला करणारी बाई स्वतः प्रकरणात गुंतलेली. ज्याच्यावर सगळे आरोप, त्या काउंटची एकही डायरी यात नाही, हेही ध्यानात घ्या. आमच्याकडे असा पुरावा उलटतपासणीत फार वेळ टिकला नसता.

म्हणून विनंती एवढीच की संक्षिप्त रूपांतर पुरवणीत छापणारच असाल, तर प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख राहू द्या. पानं कमी करायची तर उत्तरार्धातल्या पाठलागाची करा, तिथे बरंच पाल्हाळ आहे.

आपला,
एक निवृत्त लघुलेखक, सोलापूर