भिंतीतलं पाणी आणि कोर्टाची वाट

प्रिय दिगंबर,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र आणि भिंतीचे फोटो मिळाले. काकूंच्या खोलीतला गिलावा एवढा सुटलाय हे बघून जीव खाली-वर झाला. त्यांना दम्याचा त्रास असताना त्या ओलीत ठेवणं बरोबर नाही. त्यांची कॉट आधी पुढच्या खोलीत हलवा, बाकीचं मागाहून.

तू विचारलंस, "शेजाऱ्याच्या सांडपाण्याच्या त्या पाइपावर कोर्टात काही होतं का?" होतं. पण फक्त ओल दाखवून भागत नाही, ती ओल त्याच्या सांडपाण्याची आहे हे दाखवावं लागतं. असले दावे बहुतेक वेळा इथेच ढासळतात. शेजारी कैफियतीत तीन गोष्टी लिहिणार हे आत्ताच धरून चाल: पाणी पावसाचं आहे, तुमचीच नळाची लाइन गळतेय, आणि हा पाइप वर्षानुवर्षं इथेच आहे.

पावसाचा मुद्दा त्याला हवा तसा चालणार नाही, पण तो पूर्ण खोटाही नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात कलम ७ मध्येच म्हटलंय की वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी आपसूक उताराने खाली येत असेल, तर खालच्या मालकाने ते येऊ द्यायचं. तुझा प्लॉट खालच्या अंगाला आहे, म्हणजे पावसाचं उताराचं पाणी तुला सोसावंच लागणार. मात्र न्हाणीघराचं आणि मोरीचं पाणी पाइपात गोळा करून तुझ्या पायापाशी सोडणं म्हणजे आपसूक वाहणं नव्हे. गच्चीचं पाणी नळीने एकाच जागी ओतलं, तरी तेच. म्हणून दाव्यात "पाणी येतं" असं मोघम लिहायचं नाही. "पहिल्या मजल्यावरच्या न्हाणीघराचा पाइप दोन घरांमधल्या बोळात उघडा सोडला आहे आणि त्याचं पाणी दावा मिळकतीच्या उत्तरेकडच्या भिंतीत मुरतं" असं लिहायचं.

आपल्या लाइनीचा संशय आधी आपणच फेडायचा. रात्री सगळे नळ बंद करून मीटर बघ, सकाळी आकडा तोच असला तर तुझी लाइन गळत नाही. प्लंबरकडून तसं लेखी घे. दिवाळीत शेजारी गावी गेला होता आणि त्या आठवड्यात भिंत वाळली, असं तू सहज लिहून गेलास. दिगंबर, तुझ्या सगळ्या पत्रात मोलाचं वाक्य तेच आहे! घर बंद असताना भिंत वाळते आणि माणसं आली की पुन्हा ओलावते, हे पुढच्या खेपेला तारखेसह फोटो काढून टिपून ठेव. नगरपालिकेच्या आरोग्य विभागालाही अर्ज दे. त्यांचा माणूस येऊन मोरीत रंग टाकून पाहील आणि तोच रंग तुझ्या बाजूला उतरला, तर त्या पंचनाम्यापुढे त्याला फारसं बोलता येणार नाही. कोर्टाकडून कमिशनर नेमून घेता येतो, पण तो जागेची स्थिती नोंदवतो, आपल्यासाठी पुरावा गोळा करत नाही. कागद आपल्या हातात आधीच हवेत.

राहिला जुन्या पाइपाचा मुद्दा. सलग २० वर्षं उघडपणे, हक्क म्हणून, विनाअडथळा पाणी सोडलं असेल तर त्याला वहिवाटीचा हक्क मागता येतो. तुझ्या बाबतीत वरचं न्हाणीघर दोन वर्षांपूर्वीचं आहे. बांधकाम परवानगीच्या नकाशाची नक्कल काढ, म्हणजे हा वाद तिथेच संपेल.

आता मागायचं काय ते सांगतो, आणि हे नीट वाच. नुसती "पाणी सोडू नये" अशी कायमची मनाई मागितली, तर पाइप तसाच राहतो आणि उद्या पुन्हा वाहतो. म्हणून स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या कलम ३८ खाली कायमची मनाई, आणि सोबत कलम ३९ खाली पाइप काढून तो गटाराला जोडण्याचा आज्ञापक हुकूम, दोन्ही मागायचे. तिसरी नुकसानभरपाई, कलम ४० प्रमाणे, आणि तीही याच दाव्यात. मनाईचा दावा फेटाळला गेला, तर त्याच कृत्याच्या भरपाईसाठी नंतर वेगळा दावा लावता येत नाही, असं त्याच कलमात आहे. "आधी मनाई बघू, पैशाचं नंतर" हा तुझ्या मेहुण्यांचा सल्ला म्हणूनच मला पटत नाही.

भरपाईत गिलावा आणि वॉटरप्रूफिंगचं ३४ हजारांचं बिल येईल, काकूंच्या औषधांची बिलं येतील, पण डॉक्टरांनी ओलीचा संबंध लिहून दिला तरच. मागच्या खोलीचा भाडेकरू ओलीमुळे गेला, त्याचं भाडंही धरता येईल. त्याच्याकडून तसं लेखी घे. मनस्तापाची रक्कम माफक ठेव. फुगवलेला आकडा खऱ्या बिलांनाही संशयात पाडतो, आणि कोर्ट फीही त्या आकड्यावर भरावी लागते.

दाव्यासोबतच निशाणी ५ चा अर्ज द्यायचा, म्हणजे निकाल होईपर्यंत तात्पुरती मनाई. तिथे न्यायाधीश तीन गोष्टी बघतात: सकृद्दर्शनी बाजू आहे का, गैरसोय कोणाची जास्त, आणि पैशाने भरून न येणारं नुकसान होतंय का. पाइप आत्ताच्या आत्ता काढा, असा हुकूम या टप्प्यावर क्वचितच मिळतो. १९९० च्या दोराब वॉर्डन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी नेहमीपेक्षा बळकट बाजू लागते असं म्हटलंय. "पाणी बोळात सोडू नका" एवढं मिळण्याची मला बरीच आशा आहे. पण दोन वर्षं गेलीच आहेत, आणखी पावसाळा थांबलास तर "एवढी निकड होती तर गप्प का बसलात?" हा प्रश्न येणारच. म्हणून आधी वकिलाची नोटीस जाऊ दे, स्पीड पोस्टाने, १५ दिवसांची मुदत देऊन.

हुकूम मिळाला आणि त्याने मोडला, तर मालमत्तेची जप्ती किंवा ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. अंतिम निकालानंतरही तो हलला नाही, तर दरखास्तीत, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीच्या अर्जावर, कोर्ट दुसऱ्याकडून पाइप काढून घेऊन त्याचा खर्च त्याच्याकडून वसूल करू शकतं.

त्याच्या पहाटेच्या पाण्याच्या मोटारीचा आवाज मात्र या दाव्यात घालू नकोस. आवाजावर मनाई मिळत नाही असं नाही. राहत्या घराखालच्या पिठाच्या गिरणीला अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मनाई केली होती. पण सामान्य माणसाच्या राहण्याला खरोखर बाधा येईल असा आवाज लागतो. पंधरा मिनिटांची मोटार त्यात बसणार नाही, आणि ती घातली की सगळा दावाच भांडकुदळपणाचा दिसेल.

आणि एक. रागाच्या भरात तो पाइप सिमेंटने बुजवू नकोस. त्याचं पाणी त्याच्याच घरात तुंबलं की निशाणी ५ घेऊन तो तुझ्याआधी कोर्टात उभा राहील, आणि मग तू वादी न राहता प्रतिवादी होशील.

घराचा उतारा, नकाशाची नक्कल, बिलं आणि दिवाळीतले फोटो असतील तर ते, एवढं या आठवड्यात पाठव. नोटिशीचा मसुदा मी करून देतो, तिथल्या वकिलांना तो दाखवून घे. वहिनींना नमस्कार, काकूंना साष्टांग नमस्कार.

तुझा,
विनायक