लाडाने आत्मविश्वास येतो, अभ्यास नाही

महोदय,
‘मोकळीक दिली की मुलं बिघडतात’ हे सरसकट विधान संशोधनाला धरून नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात पालकत्वाच्या शैली मांडल्या. पुढे १९९१ मध्ये लॅम्बॉर्न, स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील १४ ते १८ वयोगटातील सुमारे ४,१०० मुलामुलींची पाहणी केली. माया भरपूर पण बंधन नाही, अशा म्हणजे अनुज्ञेय शैलीच्या घरांतली मुलं आत्मविश्वासात मुळीच कमी नव्हती! मात्र शाळेतलं गैरवर्तन जास्त आणि अभ्यासातलं लक्ष कमी दिसलं. माया आणि नियम दोन्ही असलेल्या, म्हणजे अधिकारयुक्त शैलीच्या घरांतली मुलं एकूण सर्वांत सावरलेली होती.

फरक नेमका कुठे पडतो? प्रकल्प उद्या द्यायचा आहे आणि मुलगी रात्री अकरापर्यंत मोबाइलवर आहे. अनुज्ञेय पालक ‘असू दे, दमली असेल’ म्हणतात, वर बाईंना चिठ्ठीही लिहून देतात. अधिकारयुक्त पालक मोबाइल बाजूला ठेवायला लावतात, कारण सांगतात, तिचं म्हणणं ऐकून वेळ थोडी बदलतातही; पण प्रकल्प तिचा तिलाच पुरा करावा लागतो. कंटाळा आला तरी काम रेटण्याची सवय इथे लागते.

अर्थात, हा संबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. मुळात अभ्यासू मुलाशी समजुतीने वागणं पालकांना सोपंच जातं. शिवाय पालकांची शैली मुलांच्याच उत्तरांवरून ठरवली होती.

– एक निवृत्त शिक्षिका