चवथीनिमित्त गिरणीच्या वेळेत बदल

नमस्कार. चवथीच्या आधीचे आठ दिवस आपली फोंड्याची गिरण सकाळी ७ ते दुपारी १ आणि ३ ते रात्री ९ चालू राहील. मधले दोन तास जाते थंड होऊ द्यावे लागते. तापलेल्या जात्यातून पीठ गरम पडते आणि डब्यात घाम धरते, म्हणून कृपया त्या वेळी दार वाजवू नये.

मोदकाचे तांदूळ सकाळीच आणा. संध्याकाळी ६ नंतर फक्त मिरची-मसाला दळू, नाहीतर तिखटाचा वास पिठाला लागतो. तांदूळ धुऊन घरातच पंख्याखाली कापडावर वाळवा, बाहेर पावसाचा भरवसा नाही. मूठभर घट्ट दाबून पाहा, तळव्याला ओल लागली किंवा दाणे चिकटले तर अजून थांबा. गेल्या वर्षी एका ताईंच्या पाच किलो ओल्या तांदळाने जाते तुंबले, ते उघडून साफ करण्यात तास गेला आणि रांगेतली माणसे ताटकळली. त्या ताईंचे पीठही गुठळ्यांचे निघाले, फार वाईट वाटले.

हरतालिकेला दुपारी १ पर्यंतच दळण घेऊ. चवथ आणि पंचमीला गिरण बंद. डब्यावर नाव लिहायला विसरू नका.